पारिजात छाया सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, डोंबिवली (पूर्व): वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना

जा. क्र. २५/२०२५-२६
दिनांक : ५ ऑगस्ट २०२५

प्रति,
सर्व सन्माननीय सदस्य (ए, बी आणि सी विंग)

सप्रेम नमस्कार,

संस्थेची सन २०२४-२५ ची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दि. २४ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी ठीक १०.०० वाजता ए विंगच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये होईल. सर्व सदस्यांनी वेळेवर उपस्थित राहावे, ही विनंती.

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ही सभा घ्यावीच लागते. गणेश चतुर्थी २७ तारखेला आहे. त्यानंतर बरेच जण गावी जातात, म्हणून त्याआधीचा रविवार धरला आहे.

सभेपुढील विषय

१. दि. २२ सप्टेंबर २०२४ रोजीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

२. व्यवस्थापक समितीचा २०२४-२५ चा अहवाल स्वीकारणे.

३. दि. ३१ मार्च २०२५ अखेरचे लेखापरीक्षित उत्पन्न-खर्च पत्रक व ताळेबंद मंजूर करणे. (प्रती सोबत जोडल्या आहेत.)

४. लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरील दोषदुरुस्ती अहवालाची नोंद घेणे.

५. सन २०२५-२६ साठी शासनाच्या नामतालिकेवरील लेखापरीक्षकाची नेमणूक करून त्यांचा मेहनताना ठरवणे. नाव आणि त्यांचे लेखी संमतिपत्र सभेनंतर ३० दिवसांत निबंधक कार्यालयाला कळवायचे असते. त्यामुळे हा विषय पुढच्या सभेवर ढकलता येणार नाही.

६. सन २०२५-२६ चे अंदाजपत्रक मंजूर करणे. पाण्याच्या टँकरचा खर्च या वर्षी वेगळ्या ओळीत दाखवला आहे.

७. तिन्ही विंगच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या निविदांवर निर्णय घेणे आणि पैसे कोठून उभे करायचे ते ठरवणे. (सविस्तर टिपण खाली.)

८. पार्किंग : चारचाकीच्या जागा ३८, अर्ज ४४. एका वर्षासाठी सोडत काढणे. अर्जासोबत आरसी बुकची प्रत हवी. गाडी सदस्याच्या किंवा त्याच्या कुटुंबातील व्यक्तीच्या नावावर नसेल, तर चिठ्ठी टाकली जाणार नाही.

९. चार सदस्यांकडील एकूण २,८७,४०० रुपये थकबाकीच्या वसुली दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे अर्ज करण्यास मान्यता देणे.

१०. अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय. यात फक्त चर्चा आणि सूचना होतील. खर्चाचा किंवा धोरणाचा निर्णय आधी सूचना दिल्याशिवाय घेता येत नाही. कोणाला निर्णयासाठी विषय मांडायचा असल्यास तो रविवार, १० ऑगस्टपर्यंत लेखी द्यावा. समितीने तो घेतल्यास पुरवणी विषयपत्रिका निघेल.

विषय ७ विषयी

आपली इमारत २००३ ची आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी संरचनात्मक लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. यंदाच्या अहवालात खांब आणि तुळया ठीक आहेत. पाणी मुरतेय ते गच्चीतून. सातव्या मजल्यावरच्या सदस्यांना हे सांगायला नको. कठड्याला लागून असलेला वाटा तडकला आहे आणि त्या फटीतून पाणी कोब्याखाली जाते. वरून कितीही लेप दिला, तरी कोब्याखाली साठलेले पाणी स्लॅबमध्ये उतरतच राहते. दोनदा केलेले लेपाचे काम एका पावसाळ्यापलीकडे टिकले नाही, ते यामुळेच.

एकूण गच्ची ९,२०० चौरस फूट. आलेल्या तीन निविदा अशा : 'अ' दर चौ. फुटाला १०५ रुपये (९,६६,०००), 'ब' १२० रुपये (११,०४,०००), 'क' १३५ रुपये (१२,४२,०००). तिन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा. स्वस्त दिसणाऱ्या 'अ' मध्ये जुना कोबा फोडणे आणि राबिट उचलणे धरलेलेच नाही. 'ब' मध्ये कोबा फोडणे आहे, पण पाणी तुंबवून चाचणी नाही. 'क' मध्ये कोबा फोडणे, वाटा नव्याने घेणे, पन्हाळीकडे उतार काढणे, ७२ तास पाणी तुंबवून चाचणी आणि दहा वर्षांची लेखी हमी आहे. समितीची शिफारस 'क' ची. निर्णय सभेचा.

'क' चा करासह खर्च १४,६५,५६० रुपये. दुरुस्ती निधीत ६,८०,००० आहेत. उरलेले ७,८५,५६० रुपये सिंकिंग फंडातून घ्यायचे (त्यात २१,४०,००० ची मुदतठेव आहे), की दर सदनिकेमागे १४,०२८ रुपये एकदाच गोळा करायचे, हे सभेने ठरवायचे. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि आर्किटेक्टचा दाखला, दोन्ही लागतात. काम दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण थांबल्यावर सुरू होईल.

गणपूर्ती आणि वेळ

संस्थेचे सदस्य ५६. गणपूर्तीसाठी एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जो आकडा कमी तो, म्हणजे २० सदस्य हजर हवेत. १०.३० पर्यंत वीस सह्या झाल्या नाहीत, तर सभा तहकूब होऊन त्याच दिवशी, त्याच जागी ११.०० वाजता पुन्हा सुरू होईल. तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नाही. "सभा काय, अकरालाच सुरू होते" म्हणून उशिरा येणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की तेव्हा नऊ जण बसलेले असले तरी साडेचौदा लाखांचा ठराव होऊ शकतो आणि तो सर्व ५६ जणांना लागू राहतो.

आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवायचे असल्यास

दरवर्षी सभेच्या दारात सर्वांत जास्त वाद याच गोष्टीवरून होतो, म्हणून हे नीट वाचावे.

गृहनिर्माण संस्थेच्या सभेत प्रॉक्सी चालत नाही. कुलमुखत्यारपत्र (नोटरी केलेलेसुद्धा), अधिकारपत्र, व्हॉट्सअॅपवर पाठवलेले "माझ्या वतीने भाऊ येईल" हे पत्र, यांपैकी कशावरही सभेत बसता किंवा मत देता येणार नाही. कंपन्यांच्या सभेत प्रॉक्सी चालतो, त्यावरून हा गैरसमज होतो. सहकारी संस्थेत सदस्याने स्वतः येऊन मत द्यायचे असते. भाडेकरू आणि इस्टेट एजंट यांचा तर प्रश्नच नाही. मात्र खालील व्यक्ती येऊ शकतात.

सहयोगी सदस्य : मूळ सदस्य येऊ शकत नसेल, तर त्याच्या लेखी संमतीने सहयोगी सदस्य येऊन मत देऊ शकतो. पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतण्या-भाचा किंवा पुतणी-भाची यांनाच सहयोगी सदस्य होता येते. शेजारी कितीही जवळचा असला तरी नाही. जे आधीपासून सहयोगी सदस्य आहेत, त्यांनी फक्त संमतिपत्र आणायचे. जे नाहीत, त्यांनी विहित नमुन्यातील अर्ज, मूळ सदस्याची लेखी संमती, नात्याचा पुरावा आणि १०० रुपये प्रवेश शुल्क गुरुवार, १४ ऑगस्टपर्यंत कार्यालयात द्यावे. १७ ऑगस्टच्या समिती बैठकीत अर्ज मंजूर झाला, तरच २४ तारखेला मत देता येईल. सभेच्या सकाळी आणलेला अर्ज त्या सभेसाठी उपयोगाचा नाही.

संमतिपत्रात एवढे पुरे : "मी बी विंगमधील सदनिका क्र. ३०२ चा सदस्य आहे. दि. २४ ऑगस्ट २०२५ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेस मी येऊ शकत नाही. माझी मुलगी या सदनिकेची सहयोगी सदस्य असून तिने माझ्या वतीने उपस्थित राहून मतदान करण्यास माझी संमती आहे." यात आपले तपशील आणि सहयोगी सदस्याचे पूर्ण नाव घालून, तारीख टाकून सही करावी. सही संस्थेच्या नोंदवहीतल्या सहीशी जुळायला हवी. मूळ कागदच आणावा, फोटो किंवा स्कॅन नको. परदेशातील सदस्यांनी कुरिअरचे दिवस धरून आजच पत्र पाठवावे. पत्र शनिवार, २३ ऑगस्टला रात्री ९ पर्यंत कार्यालयात जमा करावे. पत्र दिल्यावर मूळ सदस्य स्वतः आलाच, तर मत त्याचेच.

संयुक्त सदस्य : भागपत्रावर दोन नावे असतील, तर मत पहिल्या नावाचे. पहिली व्यक्ती नसेल तर दुसरी मत देईल आणि त्यासाठी पत्र लागत नाही. दोघेही आले तरी मत एकच. करारनाम्यात नाव आहे पण भागपत्रावर नाही, अशी तीन सदनिकांची स्थिती आहे. त्यांना कार्यालयाने वेगळे कळवले आहे.

तात्पुरता सदस्य : सदस्याच्या निधनानंतर नामनिर्देशनावरून समितीने तात्पुरता सदस्य म्हणून दाखल केलेली व्यक्ती मत देऊ शकते. नुसते नामनिर्देशन असून दाखल करून घेण्याचा अर्जच दिला नसेल, तर नाही.

कंपनीच्या नावावरील दोन सदनिका (ए-१०१ आणि सी-५०४) : कंपनीने ठरावाने नेमलेल्या संचालकाने ठरावाची सही-शिक्क्याची प्रत आणि ओळखपत्र आणावे. अतिथिगृहाच्या व्यवस्थापकाला पाठवू नये.

सदनिका विकत घेतली पण हस्तांतरण अजून मंजूर नाही, अशांना मत नाही. बसून ऐकायचे असल्यास अध्यक्षांची परवानगी घ्यावी. एका सदस्याच्या दोन सदनिका असल्या तरी मत एकच.

सभेच्या दिवशी

नोंदवहीत सही करतानाच रंगीत मतकार्ड मिळेल : सदस्यांना पिवळे, सहयोगी सदस्यांना हिरवे. मतदान कार्ड वर करून होईल. समसमान मते पडल्यास अध्यक्षांचे निर्णायक मत. व्हिडिओ कॉलची सोय नाही. हिशेबाविषयीचे प्रश्न सोमवार, १८ ऑगस्टपर्यंत लेखी दिल्यास संबंधित व्हाउचर काढून ठेवता येतील. व्हाउचर पाहायचे असल्यास कार्यालय रोज संध्याकाळी ७ ते ९ उघडे आहे.

पार्किंग क्र. १ ते १४ मधील गाड्या रविवारी सकाळी ८.३० पर्यंत बाहेर काढाव्यात. रॅम्पच्या पायथ्याशी पावसाचे पाणी साचते, म्हणून ज्येष्ठांनी लिफ्टकडच्या दाराने यावे. पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी आहेत.

इतिवृत्ताचा मसुदा सभेनंतर तीन महिन्यांच्या आत तयार करून सर्वांना पाठवला जाईल. त्यावरील हरकती मसुदा पाठवल्यापासून १५ दिवसांत लेखी द्याव्यात.

व्यवस्थापक समितीच्या आदेशावरून,

सचिव
पारिजात छाया सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित

प्रत : तिन्ही विंगचे सूचनाफलक. बाहेरगावच्या सदस्यांना नोंदवलेल्या पत्त्यावर टपालाने व ईमेलने.
सोबत : लेखापरीक्षित हिशेबपत्रके, अंदाजपत्रक, निविदांचा तुलनात्मक तक्ता, सहयोगी सदस्यत्वाचा अर्ज.