दार उघडल्यावरचे चौदा सेकंद

पाच वर्षं आणि पाच महिने. ऑगस्ट २०१९मध्ये दोन बॅगा घेऊन न्यू जर्सीला निघाले, ती काल, जानेवारी २०२५मध्ये, पहिल्यांदा चिपळूणला घरी आले. आई-बाबांना कुणीही काहीही सांगितलं नव्हतं.

पहिला फोटो नीट बघा. व्हिडिओतून काढलाय म्हणून जरा हललाय. आईच्या कपाळाला आठ्या आहेत, पण ती रागावलेली नाही. चष्मा आत ओट्यावर राहिला होता, आणि चष्म्याशिवाय ती अशीच बघते. आतेभावाने बेल वाजवून हाक मारली होती, “मामी, पार्सल आहे, सही लागेल.” म्हणून ती भाकऱ्या टाकता टाकता तशीच उठून आली. हाताला तांदळाचं पीठ आहे. या क्षणी तिला फक्त एवढंच दिसतंय की दारात कुणीतरी बाई उभी आहे.

दुसरा फोटो त्यानंतरच्या दोन सेकंदांतला. आठ्या गेल्यात, तोंड अर्धवट उघडं आहे आणि हात हवेतच थांबलाय. आवाज असता तर ऐकू आलं असतं, “अगो... तू?” बस, एवढंच. आणि मग पिठाचे दोन्ही हात माझ्या गालांवर. हनुवटी, कान, केस, सगळं चाचपून बघितलं तिने. व्हिडिओ कॉलवर पाच वर्षं मला आईचा अर्धा चेहरा आणि वर फिरणारा पंखा दिसायचा, बाबांचं तर फक्त कपाळ. काल दोघांचे चेहरे अख्खे बघितले. आईच्या डाव्या डोळ्याखाली एक तीळ आहे, तो मी विसरले होते. स्वतःच्या आईचा तीळ मी विसरले होते!

बाबा तिसऱ्या फोटोत आहेत, पाठमोरे. दारापर्यंत आले, माझ्याकडे बघितलं आणि वळून आत निघून गेले. मला वाटलं, रडू आवरायला गेले असतील. दोन मिनिटांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेर आले, बटणं एकेक घर चुकून लावलेली. म्हणाले, “एवढ्या लांबून पोर आली, आणि मी आपला बनियनवर.” त्यानंतर मात्र ते रडले. तो फोटो आम्ही काढला नाही.

अजून एक सांगायचंय, कारण फोटोत ते कुणाच्या लक्षात येणार नाही. मी गेले तेव्हाचं दार हे नाही. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा आमचा तळमजला पाण्याखाली होता. आई-बाबा शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होते. वीज नाही, फोनला रेंज नाही. दोन दिवस मी तिकडे फोन हातात धरून बसले होते. जुनं दार पाण्याने फुगलं, ते परत कधी लागलंच नाही. हे नवं दार मी आजवर फक्त व्हॉट्सअॅपवर बघितलं होतं. काल बेलसाठी माझा हात सवयीने डावीकडे गेला. ती आता उजवीकडे आहे.

आधी कोविडमुळे विमानं बंद. मग शिक्षण संपलं, नोकरी लागली, व्हिसा बदलला, आणि भारतात गेले तर स्टॅम्पिंग होऊन परत येता येईल का, ही धास्ती. दर दिवाळीला “पुढच्या वर्षी नक्की” म्हणायचे. आई कधीही “का नाही आलीस” म्हणाली नाही. फक्त फराळाचा डबा कुरिअर करायची.

परवा रात्री मुंबईत टॅक्सीत बसून तिला फोन केला. “तिकडे थंडी फार आहे का गो?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. “आणि हे एवढे हॉर्न कसले?” मी म्हटलं, टीव्ही लावलाय. मग दादरहून मध्यरात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडली आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. चिपळूणला उतरले तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. उजाडेपर्यंत आत्याकडे बसून राहिले. आत्याने चहा दिला, तो प्यायलाही जाईना.

शेवटचा फोटो माझा सगळ्यात लाडका. “थांब तिथंच, आत पाऊल टाकू नकोस,” म्हणत आई आत पळाली आणि तव्यावरच्या भाकरीचा तुकडा मोडून घेऊन आली. इतका गरम की या हातातून त्या हातात घेत होती. तो माझ्यावरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. उंबरठा ओला दिसतोय ना, तो त्या पाण्याने.

तीन आठवडे आहे मी. आत्ता हे लिहितेय तर आई दर पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून डोकावून बघून जातेय.

#घरी #चिपळूण #आईबाबा