पुनःसंयोजी डीएनए व पीसीआर: उजळणीचा क्रम

१. विलगीकरण: जिवाणूंची पेशीभित्तिका लायसोझाइमने फोडा. आरएनए, प्रथिने विकरांनी काढा. थंड इथेनॉल ओतताच डीएनएचे पांढरे धागे तरंगतात.

२. पीसीआर, ३० चक्रे:
२अ. विलगन, ९४° से.
२ब. प्रायमर जोडणी, ५५° से. इथेच बहुतेक घोळ होतो: तापमान कमी पडले तर प्रायमर भलतीकडे चिकटतो, जास्त झाले तर चिकटतच नाही.
२क. विस्तार, ७२° से., टॅक पॉलिमरेज. मॅग्नेशियम विसरल्यास साखळी वाढत नाही.

३. छेदन: जनुक व प्लाझ्मिड दोन्ही ईकोआरआयनेच, ३७° से.

४. जोडणी: लायगेज, १६° से., रात्रभर.

५. रूपांतरण: कॅल्शियम क्लोराइड दिलेले ई. कोलाय, बर्फ, ४२° से. ४५ सेकंद, लगेच पुन्हा बर्फ.

६. निवड: अँपिसिलिन व एक्स-गालच्या थाळीवरील पांढऱ्या वसाहती उचला, निळ्यांत जनुक शिरलेले नसते.