दोनशे सोळा

रात्री ओटा आवरून झाल्यावर वंदनाबाईंनी चौथीच्या पालकांच्या ग्रुपवर सहलीच्या फॉर्मचा पत्ता टाकला. कागदावर बघून, एकेक अक्षर टाईप करून. पांडवलेणी आणि पायथ्याचं फाळके स्मारक, मुलामागे ३५० रुपये. फॉर्म ज्या कॉम्प्युटरवाल्याकडून करून घेतला, तो शेतकऱ्यांनाही, मंगल कार्यालयांनाही असेच फॉर्म करून देई. पत्ता सगळ्यांचा सारखाच, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. बाईंचा होता `f/261`. टाईप झालं `f/216`.

सकाळी परिपाठाच्या वेळी फोन आला.

"मॅडम, मी दिंडोरीकडून बोलतोय. द्राक्षं काढायला माणसं हवीत म्हणून नावनोंदणी ठेवलीय आम्ही. रात्रीत ३१ पोरांची नावं आली, सगळ्यांची वयं नऊ नि दहा! एकानं शाळेचं नाव लिहिलं होतं, म्हणून शाळेत विचारून तुमचा नंबर घेतला."

बाईंच्या पोटात गोळा आला. वर काय लिहिलंय ते न वाचताच लोकांनी भराभर भरलं होतं. नाव, वय, मोबाईल, घरचा पत्ता. बाईंनी पाठवलंय म्हणजे बरोबरच असणार, हा त्यांचा भरवसा. आणि त्या भरवशावर ३१ लेकरांचे पत्ते एका अनोळखी माणसाच्या हातात गेले होते.

"दादा, माझी चूक झाली. पुसून टाकाल ना सगळं?"

"तुमच्याशी बोलतोय तोवर पोरगा पुसतोच आहे. एक नाव मात्र ठेवतो हं. फुलेनगरच्या एक ताई आहेत, वय ३४. त्यांनी नीट वाचून भरलंय. खाली लिहिलंय, घड साफ करायची सवय आहे, उद्यापासून येते."

नाव ऐकून बाई थांबल्या. सायलीची आई. "मला गाडी लागते, मी नाही येत सहलीला," असं सायलीनं आदल्याच दिवशी सांगितलं होतं, वहीत मान घालून.

मधल्या सुट्टीत बाईंनी ग्रुपवर माफी मागितली आणि नवा पत्ता टाकला. टाकण्याआधी स्वतः उघडून पाहिला, शेजारच्या वर्गातल्या बाईंनाही उघडायला लावला. संध्याकाळपर्यंत ४१ फॉर्म आले. पट ४२चा.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्या मुद्दाम दिंडोरी नाक्यावरून गेल्या. थंडी मी म्हणत होती. बायका टेम्पोत चढत होत्या. डोक्याला स्कार्फ, हातात डब्याची पिशवी. सायलीच्या आईनं स्कूटर ओळखली आणि फळीला धरून खाली वाकली.

"बाई, तो दुसरा फॉर्म राहिलाय माझा. शनिवारी हप्ता मिळतो, शनिवारी भरते. चालेल ना?"

"चालेल," बाई म्हणाल्या. "सायलीचं नाव लिहून ठेवते मी."