घराच्या वीजबिलाची आणि पाणीपट्टीची थकबाकी शुक्रवारच्या हिशोबात धरण्याबाबत

बिराजदार काका, नमस्कार.

काकूंची तब्येत आता कशी आहे? फोनवर मघाशी आवाज नीट येत नव्हता, आणि हा विषय आकड्यांचा आहे, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. सावकाश वाचा. दादांनाही दाखवा.

शुक्रवारी, २१ नोव्हेंबरला आपली रजिस्ट्री आहे. त्याआधी आत किती रंग लागेल ते बघावं म्हणून परवा शनिवारी संध्याकाळी मी आणि हिचा भाऊ जुळे सोलापूरच्या घरी गेलो. आजवर तीन वेळा घर पाहिलं, पण प्रत्येक वेळी दुपारी. उजेड भरपूर, दिवा लावायची वेळच आली नाही. परवा सहा वाजून गेले होते. हॉलचं बटण दाबलं, काही नाही. स्वयंपाकघरातलं दाबलं, तिथेही नाही. फ्यूज गेला असेल म्हणून मोबाईलच्या उजेडात मीटर पाहिला तर तोही बंद. खांबावरून येणारी सर्व्हिस वायरच काढून गुंडाळून ठेवलेली आहे. दाराच्या मागे भाडेकरूने खिळ्याला अडकवलेली जुनी बिलं सापडली, त्यांच्यावरून ग्राहक क्रमांक मिळाला आणि तिथेच उभ्या उभ्या महावितरणच्या ॲपवर बिल काढलं.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर एकही बिल भरलेलं नाही. भाडेकरू मेअखेर गेला, जूनच्या मध्यात वीज तोडली. त्याच्या तीन शिलाई मशिनी आणि इस्त्री दिवसभर चालायची असं शेजारचे सांगतात, त्यामुळे आकडा मोठा आहे. मूळ थकबाकी २७,३८० रुपये, व्याज आणि विलंब आकार १,९१२ रुपये. मिळून २९,२९२.

निघताना शेजारच्या काकूंनी हाक मारली. म्हणाल्या, गणपतीच्या दिवसांत महापालिकेचा माणूस पाणीपट्टीची नोटीस घेऊन आला होता, घर बंद म्हणून ती त्यांच्याकडेच ठेवून गेला. त्यांनी ती देवाच्या फडताळात जपून ठेवली होती. आज सकाळी ती घेऊन झोन कार्यालयात जाऊन आलो. तीन वर्षांची पाणीपट्टी बाकी आहे. मूळ ८,४६० रुपये आणि शास्ती ३,२१४ रुपये, एकूण ११,६७४. नळ अजून तोडलेला नाही. मिळकत कर मात्र तुम्ही वेळच्या वेळी भरलेला आहे, त्याचा एक रुपयाही बाकी नाही. म्हणून मला खात्री आहे की हे तुमच्या नजरेतून सुटलं. तुम्ही पुण्यात, बिलं इथल्या पत्त्यावर, आणि भाडेकरू "भरतो" म्हणून सांगत राहिला असणार. तुम्ही लपवलंत असं माझ्या मनात कुठेही नाही, आमच्या घरातही कोणी तसं म्हटलेलं नाही. त्याचं डिपॉझिट परत गेलं की तुमच्याकडे आहे हा तुमचा आणि त्याचा व्यवहार, त्यात मी पडत नाही.

पण काका, ही रक्कम रजिस्ट्रीच्या आधीच मिटली पाहिजे. दादा फोनवर म्हणाले की बिल वडिलांच्या नावावर आहे, तुमच्या मागे कोण लागणार? मलाही आधी तसंच वाटायचं. आज महावितरणच्या उपविभागात विचारलं आणि मग आमच्या वकिलांनाही. थकबाकी नुसती माणसाच्या नावावर राहत नाही, ती जागेवर बसते. राज्याच्या वीज पुरवठा संहितेत जुन्या मालकाची बाकी नव्या मालकाकडून घेण्याची तरतूद आहे, आणि नियमात तशी तरतूद असेल तर ती वसुली योग्य आहे असं सुप्रीम कोर्टानेही १९ मे २०२३ च्या निकालात म्हटलं आहे. दादा म्हणाले तेही खोटं नाही. खरेदीदारावर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्याच थकबाकीचा भार येतो अशी मर्यादा त्याच संहितेत आहे. पण त्या मर्यादेवरून ऑफिसमध्ये अर्ज-विनंत्या करत बसायचं आणि तोवर घर अंधारात, हे मला परवडणारं नाही. सहा महिन्यांपलीकडची जी बाकी राहील ती तुमच्याच नावावर चढत जाईल, ते तरी कशाला?

पाण्याचंही तसंच. महापालिकेच्या कायद्यात कराचा बोजा मिळकतीवरच असतो आणि शास्ती महिन्याला दोन टक्क्यांनी वाढते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्ये विक्रीच्या तारखेपर्यंतची सरकारी देणी विकणाऱ्याने भागवायची असं आहे, आणि आपल्या साठेखतातही पान ४ वर "मिळकत निर्वेध व देणीमुक्त" असे शब्द आहेत. हे तुम्हाला कायदा शिकवायला लिहीत नाही. आकडा माझ्या मनाने काढलेला नाही, एवढंच तुम्हाला दिसावं.

आता हिशोब. एकूण व्यवहार ३८,५०,००० चा. विसार ३,००,००० आणि दुसरा हप्ता ४,००,००० तुम्हाला पोचलेले आहेत. बँकेचा डीडी २६,००,००० चा तयार आहे. माझ्याकडून शुक्रवारी द्यायचे राहिले ५,५०,०००.

वीज २९,२९२ आणि पाणी ११,६७४ मिळून ४०,९६६ होतात. पण वीजबिलावर तुमची २,४५० रुपयांची सुरक्षा ठेव दिसते. नावबदल करताना ती तुमच्या संमतीने माझ्या नावावर वळवता येते. ते पैसे तुमचे आहेत, म्हणून ते मी तुमच्या बाजूने धरतो. राहिले ३८,५१६. एवढी रक्कम माझ्या शेवटच्या हप्त्यातून कमी करावी, ही विनंती. म्हणजे शुक्रवारी मी तुम्हाला ५,११,४८४ देईन आणि थकबाकी मी भरीन. वीज पुन्हा जोडण्याचं शुल्क, वायरमनची मजुरी आणि नावबदलाचा खर्च माझा. तो तुमच्याकडे मागत नाही.

खरेदीखतातली किंमत ३८,५०,००० हीच ठेवू. ती कमी दाखवायची नाही, मुद्रांक शुल्क मी पूर्ण रकमेवरच भरणार आहे. फक्त पैशांच्या तपशिलात एक वाक्य घालायचं, वकिलांनी ते असं लिहून दिलंय: "सदर मिळकतीवरील खरेदीखताच्या तारखेपर्यंतची वीज देयकाची व पाणीपट्टीची थकबाकी एकूण रुपये ४०,९६६ ही लिहून घेणार यांनी लिहून देणार यांच्या वतीने भरली असून, लिहून देणार यांच्या नावे असलेली वीज सुरक्षा ठेव रुपये २,४५० लिहून घेणार यांच्याकडे वर्ग करण्याच्या संमतीसह, निव्वळ रुपये ३८,५१६ मोबदल्याच्या शेवटच्या हप्त्यात वळते करून घेतले आहेत." यात तुमच्यावर कसलाही डाग येत नाही, उलट उद्या कोणी विचारलं तर दोघांकडेही कागद राहतो.

तुम्हाला स्वतःच भरायचं असेल तर तेही चालेल. दोन्ही रकमा ऑनलाइन भरता येतात. बुधवारी संध्याकाळपर्यंत दोन्ही पावत्या मला व्हॉट्सॲपवर पाठवा, मी शुक्रवारी पूर्ण ५,५०,००० देतो, विषय संपला. सुरक्षा ठेवीचे २,४५० मग वेगळे रोख देईन. मला फक्त "रजिस्ट्री होऊ दे, मग बघू" एवढं नको आहे. दादांचा तो शब्द प्रामाणिकपणेच असेल, पण सही झाल्यावर तुम्ही पुण्यात आणि मी इथे, मग दर महिन्याला पैशांसाठी तुम्हाला फोन करायचा हे मला जमणार नाही, आणि आपल्यातलं बोलणंही त्याने बिघडेल.

घाईचं आणखी एक कारण आहे. वीज तोडून सहा महिने झाले की जोडणी कायमची खंडित धरतात, मग जुना मीटर चालू होत नाही, नवीन कनेक्शनचा अर्ज करावा लागतो. जूनच्या मध्यापासून मोजलं तर डिसेंबरच्या मध्यात ती मुदत संपते. पाण्याची मोटरही विजेवरच. आपल्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येतं, ते हौदात उतरलं तरी वर टाकीत चढवायला वीज पाहिजे. आईचे गुडघे तुम्ही पाहिलेत, ती बादल्या नेऊ शकत नाही. सध्या साखर पेठेत दोन खोल्यांत आम्ही पाच जण आहोत. गड्ड्याच्या यात्रेआधी नव्या घरात दिवा लावायचा असं आईने सिद्धरामेश्वराला बोलून ठेवलंय.

किमतीत तुम्ही आधीच दीड लाख सोडलेत, ते मी विसरलेलो नाही. दुसरं गिऱ्हाईक जास्त देत असताना "शिक्षकाचं घर शिक्षकाला" म्हणालात, तेही नाही. म्हणूनच हे अडतीस हजार मी सौदा म्हणून मागत नाहीये. हे पैसे तुमच्या खिशातून माझ्या खिशात येत नाहीत, महावितरणला आणि महापालिकेला जातात. माझ्याकडे वेगळे असते तर कदाचित बोललोही नसतो. पण कर्ज, मुद्रांक, नोंदणी फी यांत सगळं गुंतलंय. पीएफमधून काढलेले पैसेसुद्धा याच साडेपाच लाखांत आहेत.

ॲपवरच्या बिलाचा स्क्रीनशॉट, पाणीपट्टीची नोटीस, आज झोन कार्यालयातून घेतलेली बाकीची स्लिप आणि बंद मीटरचा फोटो या मेसेजखाली पाठवतोय. स्लिपवर आजची तारीख आहे. शुक्रवारपर्यंत आकड्यात काही रुपयांची भर पडली तर ती मी सोसेन, पुन्हा हिशोब काढायला नको.

वकिलांना खरेदीखताचा मसुदा बुधवारी दुपारी पक्का करायचा आहे आणि बँकेच्या वकिलांनीही शेवटचं वीजबिल आणि पाणीपट्टीची पावती मागितली आहे. त्यामुळे उद्या रात्रीपर्यंत, दादांशी बोलून, दोन्हींपैकी काय करायचं ते कळवा. लिहायला त्रास होत असेल तर रात्री आठनंतर मी फोन करतो. शुक्रवारी सकाळी तुम्ही आणि काकू स्टेशनवर उतरलात की मी घ्यायला येतो. आधी घरी चहा-नाष्टा करू, मग दुय्यम निबंधकांकडे जाऊ. आपला टोकन साडेअकराचा आहे. वीजबिलाच्या नावबदलाच्या अर्जावर तुमची एक सही लागेल, तो फॉर्म मी भरून ठेवतो. येताना आधार, पॅन आणि असेल तर जुनं एखादं भरलेलं वीजबिल तेवढं सोबत असू द्या.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
महेश
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५
साखर पेठ, सोलापूर