विषय : ३० जूनच्या आधी माझ्या कामाबद्दल तुमच्याशी अर्धा तास बोलायचं आहे

दि. १८ जून २०२५

मॅडम, नमस्कार.

एचआरकडून सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म आला आहे. ३० तारखेपर्यंत भरून द्यायचा आहे. काल रात्री भरायला बसलो आणि दुसऱ्याच रकान्यात अडकलो : ‘सुधारणेला वाव असलेल्या बाबी’. गेल्या वर्षी तिथे मी ‘इंग्रजी संभाषण’ एवढंच लिहून मोकळा झालो होतो. तुम्ही खाली ‘काम चांगले, असेच चालू ठेवावे’ लिहिलंत आणि पाचापैकी तीन दिलेत. तीन का, चार का नाही, हे मी विचारलं नाही. घरी जाऊन बायकोला मात्र विचारलं! ती म्हणाली, मला काय विचारता, ज्यांनी दिले त्यांना विचारा. एक वर्ष उशीर झाला, पण आता विचारतो आहे.

फॉर्म भरायच्या आधी मला तुमच्याकडून स्पष्ट ऐकायचं आहे. पगारवाढीचं बोलणं यात नाही, ते जुलैत जेव्हा व्हायचं तेव्हा होईल. तुम्ही जे सांगाल ते अप्रेझलच्या मीटिंगमध्ये ‘मॅडमच असं म्हणाल्या होत्या’ म्हणून मी पुढे करणार नाही, याची खात्री बाळगा.

‘माझं काम कसं वाटतं?’ असं मोघम विचारलं तर तुम्ही ‘ठीक आहे रे’ म्हणाल आणि मीही खूश होऊन खाली येईन. आपल्याकडे तोंडावर सांगायची पद्धतच कमी. आईला माझ्याबद्दल काय वाटतं ते मला मामाकडून कळतं. म्हणून नेमकं काय विचारायचं आहे ते आधीच लिहून पाठवतो, म्हणजे तुम्हालाही आठवायला वेळ मिळेल.

सगळ्यात आधी १४ मेची रात्र.

तुम्हाला सकाळचं चित्र माहीत आहे, रात्रीचं मी सांगतो. दोनच्या सुमारास तीन नंबरच्या चेंबरमधला आंब्याचा लॉट पिकून बाहेर आला. वरून फळ देखणं होतं, रंग आलेला, वासही सुटलेला. नेहमीप्रमाणे वीस फळं कापली तर पाचांत साका निघाला. वेगळ्या क्रेटमधली आणखी वीस कापली, त्यांत तीन निघाली. चाळिसात आठ म्हणजे वीस टक्के. आपली मर्यादा दहाची. मी लॉटला होल्डचा लाल टॅग लावला. चार नंबरचं फळ अजून तयार नव्हतं, ब्रिक्स जेमतेम तेरा दाखवत होता, त्यामुळे पल्परला द्यायला दुसरं काहीच नव्हतं. लाइन एक तास चाळीस मिनिटं उभी राहिली. कटिंगच्या टेबलावरच्या बायका हातमोजे काढून भिंतीला टेकून बसल्या होत्या.

शिफ्ट इनचार्ज मला म्हणाले होते की टेबलावर दहा बायका वाढवू, साका दिसेल तेवढा भाग हाताने काढू, लाइन अर्ध्या स्पीडने चालवू. मी म्हणालो, ‘माझी सही लागते तोपर्यंत हा लॉट आत जाणार नाही.’ नेमके हेच शब्द, आणि चारचौघांत. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही तोच लॉट त्याच पद्धतीने चालवलात आणि त्यातला बराचसा माल वाचला.

सकाळी सात वाजता तुम्ही आलात, टॅग पाहिलात, ‘किती वाजता?’ एवढं विचारलंत आणि वर ऑफिसात गेलात. त्या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात माझे पाच आठवडे गेले आहेत. कधी वाटतं, मी फोन केला नाही याचा राग असावा. कधी वाटतं, तुम्हाला फक्त वेळ हवी होती, नोंदीसाठी.

माझं मत लपवत नाही. लॉट थांबवणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. साका बाहेरून दिसत नाही, आणि एकदा पल्पमध्ये मिसळला की चव बिघडवतो. मग डबा परत आला तर तो आपल्याच नावावर येतो. पण थांबवल्यानंतर पुढे काय करायचं हे मी ठरवलं नाही, नुसता आडवा उभा राहिलो. अडीच वाजता तुम्हाला उठवायचं मनात आलं होतं. फोन हातात घेतला आणि परत खिशात टाकला. म्हणून विचारतो : निर्णय चुकला, सांगायची पद्धत चुकली, की फोन न करणं चुकलं? तिन्ही चुकलं असेल तर तिन्ही सांगा. आणि पुढच्या मे महिन्यात असंच घडलं तर रात्री अडीचला तुम्हाला माझा फोन आलेला चालेल का, की आधी शिफ्ट इनचार्जशी मिटवायचं? हे एकदा ठरलं तर माझं निम्मं ओझं उतरेल.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते.

लांज्याची जी ट्रेनी माझ्याकडे होती, तिने एप्रिलच्या शेवटी शिफ्ट बदलून मागितली. कारण ‘घर लांब पडतं’ असं दिलं. पण नवी शिफ्टही तीच बस पकडते, हे मला नंतर कळलं. मला जे आठवतं ते असं : तिने गरम पल्पचा थेंब तसाच रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला आणि १५.२ लिहून मोकळी झाली. नमुना थंड करून पाहिला तेव्हा सोळाच्या वर निघाला. मी रजिस्टर उचलून लाइनवरच सगळ्यांसमोर विचारलं, ‘हे कुणी शिकवलं तुला?’ शिकवायचं मीच होतं. आठवडाभर तिला नुसतं बघायला उभी केली होती, हातात यंत्र दिलं नव्हतं.

ती तुमच्याशी किंवा एचआरशी काही बोलली असेल तर तिचे शब्द मला सांगू नका, तिला अवघडल्यासारखं होईल. पण माझ्या बोलण्याबद्दल तक्रार एकदाच आली की आधीही आली होती, एवढं सांगा. दोन्हींत फरक आहे. एकदाची असेल तर मी तिची माफी मागेन. आधीही आली असेल तर मला स्वभावाकडेच बघावं लागेल, आणि ते एका माफीत भागणार नाही.

रिपोर्टचं मला माहीत आहे. सीझनचा उताऱ्याचा रिपोर्ट नऊ दिवस उशिरा दिला, त्यावर तुम्ही काही बोलायची गरज नाही. यंदा पाऊस २५ मेलाच कोकणात उतरला, शेवटचा माल धावपळीत घ्यावा लागला, हे खरं असलं तरी कारण ते नाही. मी रोजचे आकडे वहीत ठेवतो आणि शेवटी एकदम कॉम्प्युटरवर चढवायला बसतो. पुढच्या सीझनला रोज शिफ्ट संपताना चढवीन. तुम्हाला त्यातला कुठला तक्ता खरोखर लागतो आणि कुठला मी उगाच बनवतो, तेवढं सांगितलंत तर बरं. मला शंका आहे की शेवटची चार पानं कुणीच वाचत नाही.

एक छोटा प्रश्न. आखातातल्या ग्राहकाच्या ऑडिट कॉलला फेब्रुवारीत मी होतो, एप्रिलमध्ये नव्हतो. काम वाटून घेतलं म्हणून, की फेब्रुवारीत मी गप्प बसलो म्हणून? सीमरच्या चेकिंगबद्दल त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, मराठीत. इंग्रजीत जुळवेपर्यंत ते पुढच्या मुद्द्यावर गेले. कारण हेच असेल तर मोकळेपणाने सांगा, वाईट वाटणार नाही. वाटलं तरी दोन दिवस.

शेवटचं, आणि खरं तर याच्यासाठीच हिंमत करून लिहितो आहे. चार सीझन झाले. पुढच्या मार्चमध्ये एका शिफ्टची पूर्ण जबाबदारी माझ्याकडे यावी असं मला वाटतं. आज लगेच हो-नाही नको. पण समजा उद्या तुम्हाला ते नाव ठरवायचं असतं आणि तुम्ही माझं घेतलं नसतं, तर कुठल्या एका कारणासाठी? ते कारण मला आता कळलं तर हातात आठ-नऊ महिने आहेत. मार्चमध्ये कळलं तर नुसतं वाईट वाटेल.

जे तुम्हाला आवडलं असेल तेही सांगा, पण तेसुद्धा प्रसंग धरून, म्हणजे काय सोडायचं नाही ते कळेल. आणि मी यात न विचारलेलं काही तुमच्या मनात असेल तर तेच आधी काढा. माणसाला आपली पाठ दिसत नाही, आणि मी विचारलेले सगळे प्रश्न मला समोरून दिसलेले आहेत.

ऐकताना मी मध्ये बोलणार नाही. वही घेऊन येईन आणि लिहून घेईन. माझा चेहरा पडतो पटकन, हे मला माहीत आहे. तो बघून तुम्ही शब्द मऊ करू नका. काही पटलं नाही तर त्या दिवशी वाद घालणार नाही, एक-दोन दिवसांनी येऊन विचारीन.

सध्या लाइन बंद आहे, पल्पर खोलून ठेवला आहे, त्यामुळे माझ्या वेळेची अडचण नाही. शनिवारी २१ तारखेला जेवणानंतर चालेल का? नाही तर मंगळवारी २४ ला सकाळी, मेंटेनन्सची मीटिंग संपल्यावर. तुमच्या केबिनपेक्षा वरचा सॅम्पल रूम बरा पडेल, तिथे सतत कुणी डोकावत नाही. समोरासमोर बोलण्यापेक्षा दोन ओळी लिहून द्यायला सोपं जात असेल तर याच मेलला उत्तर द्या, किंवा माझ्या मजकुरातच प्रत्येक प्रश्नाखाली लिहा. ‘हो’, ‘नाही’, ‘दुसऱ्यांदा’ अशी एका शब्दाची उत्तरंही चालतील.

वेळ कळवा, मी येतो.

आपला,
संदेश
क्वालिटी सुपरवायझर

ता.क. : १४ मेच्या रात्रीच्या रजिस्टरच्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे. अडीच वाजताच्या नोंदीपुढे ‘शिफ्ट इनचार्जना कळवले’ असं लिहिलं आहे, ते मी सकाळी सहाला लिहिलं, त्या वेळी नाही. तुम्हाला आधीच दिसलं असेल, पण माझ्याकडून कळलेलं बरं.