‘जे खळांची व्यंकटी सांडो’ : प्रवचनाचा सुधारित आराखडा

स्थळ : महाल, नागपूर, गणेशोत्सवाची दुसरी संध्याकाळ. वेळ : ४० मिनिटे.

ती. काकांस,

सा. न. वि. वि. आपले सहा पानांचे टिपण दोनदा वाचले. त्यात पसायदानाच्या नऊही ओव्यांवर विवेचन आहे, आणि चाळीस मिनिटांत नऊ ओव्या म्हणजे एका ओवीला साडेचार मिनिटेसुद्धा मिळत नाहीत. आपल्या टिपणाच्या चौथ्या पानावर समासात, बहुधा नंतर सुचले म्हणून, आपण आडव्या अक्षरांत लिहिले आहे : “खळ जावो असे माउली म्हणत नाहीत.” मला तेच वाक्य सगळ्या प्रवचनाचा कणा वाटले. म्हणून पुढील आराखडा त्या एका ओवीभोवती बांधला आहे, आणि बाकीच्या आठ ओव्या शेवटच्या सामूहिक पठणासाठी ठेवल्या आहेत.

प्रारंभ (पाच मिनिटे)

आपण ज्ञानेश्वरीची माहिती देऊन सुरुवात केली होती. ती पुढे ढकलून आरंभ मारबतीने करावा, असे सुचवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महालाच्या रस्त्यांतून काळी आणि पिवळी मारबत निघते. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक चारच दिवसांपूर्वी त्या गर्दीत उभे असतील. “ईडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत” ही आरोळी आपण स्वतः एकदा म्हणावी. सभा ती पुरी करील, याची मला खात्री आहे. मग बडग्यांची आठवण द्यावी. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, दर वर्षी नवा बडगा. त्यानंतर सावकाश विचारावे की, त्या मिरवणुकीत आपल्या स्वतःच्या स्वभावाचा बडगा कोणी कधी काढला आहे का? येथे थोडे हसू येईल. ते येऊ द्यावे. मात्र मारबतीची थट्टा होता कामा नये. शतकाहून जुनी ही परंपरा गावाच्या जिव्हाळ्याची आहे, आणि वाईट ते वेशीबाहेर जावे ही इच्छा खोटी नाही. पसायदान तिच्याही एक पाऊल पुढे जाते, एवढेच म्हणायचे आहे.

मुख्य मुद्दा पहिला : शब्दाचा अर्थ (आठ मिनिटे)

जे खळांची व्यंकटी सांडो । तया सत्कर्मी रती वाढो ।
भूतां परस्परें जडो । मैत्र जीवांचें ॥

व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, आणि सांडणे म्हणजे गळून पडणे. वाकडी तार सरळ करताना तार फेकून देत नाहीत, एवढा एकच दृष्टांत पुरे. टिपणातील सोनाराचा आणि कुंभाराचा दृष्टांत गाळला आहे, कारण तिन्ही एकच गोष्ट सांगतात. ओवीतील क्रम मात्र उलगडून सांगावा. आधी वाकडेपणा जातो, मग चांगल्या कामाची गोडी वाढते, आणि तेव्हा कुठे मैत्र जडते. मैत्र आधी मागितले असते, तर ते वरवरचे राहिले असते. येथेच जाता जाता सांगून टाकावे की, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे ग्रंथ पुरा झाला, सच्चिदानंदबाबा लेखक होते, आणि ज्यांना व ज्यांच्या भावंडांना संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकले गेले होते, त्यांनी ग्रंथाच्या शेवटी हे मागणे मागितले. सनावळीचे काम एवढेच आहे.

आधारकथा पहिली : विसोबा (बारा मिनिटे)

ही प्रवचनाची मुख्य कथा असल्यामुळे तिला सर्वाधिक वेळ दिला आहे. टिपणात ही घटना पैठणची म्हणून लिहिली गेली आहे. ती आळंदीची आहे, कृपया दुरुस्त करावे. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताबाई परळ आणायला कुंभारवाड्यात गेल्या, आणि विसोबा चाटी यांनी तो कुणी देऊ नये अशी तंबी देऊन ठेवली होती. लहानगी रित्या हाताने घरी आली, रडली. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त केला आणि त्यांच्या तापलेल्या पाठीवर तिने मांडे भाजले. टिपणात कथा या चमत्कारापाशी थांबते, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे. चमत्कारावर थांबलो, तर श्रोते पाठ लक्षात ठेवतील आणि विसोबांना विसरतील. खरी कथा त्यांची आहे : दाराआडून पाहणारा तो माणूस आत धावतो, त्या पानांतले उष्टे खातो, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे पुढे तोच विसोबा खेचर म्हणून नामदेवांचा गुरू होतो. आळंदीने त्या दिवशी त्याला वेशीबाहेर घालवले असते, तर नामदेवांना गुरू कुठून मिळाला असता, हा प्रश्न सभेपुढे टाकावा आणि त्याचे उत्तर न देता पुढे जावे.

मुख्य मुद्दा दुसरा : वाकडेपणा आपल्याकडेही असतो (सात मिनिटे)

लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या बहिणीने बाहेरून म्हटले :

योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा ॥
विश्व रागें झालें वन्ही । संतें सुखें व्हावें पाणी ॥

ज्यांनी खळांसाठी दान मागितले, त्यांनाही एकदा ताटी उघडा म्हणून सांगावे लागले, हे ऐकून सामान्य माणसाला धीर येतो. येथे एक घरगुती प्रसंग घ्यावा : सोसायटीत गाडी लावण्याच्या जागेवरून दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद होते, आणि दोघेही गणपतीच्या आरतीला एकाच रांगेत उभे राहून हेच पसायदान म्हणतात. नाव, इमारत, मजला काहीही सांगू नये; आपल्याकडे लगेच ओळख पटते, आणि मग प्रवचन राहते बाजूला.

आधारकथा दुसरी : नाथमहाराज (चार मिनिटे)

गोदावरीच्या स्नानाहून परतताना एक जण अंगावर थुंकतो आणि नाथ पुन्हा स्नानाला जातात. असे एकशे आठ वेळा झाले, असे सांगतात. कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती रंगवू नये. शेवटी तो माणूस पाया पडतो, आणि नाथ त्याच्यामुळेच इतकी गंगास्नाने घडली असे म्हणतात, तेवढा भाग पुरे. टिपणातील गाढवाला गंगाजल पाजण्याची कथा सुंदर आहे, पण ती दयेची आहे, व्यंकटीची नाही. ती पुढच्या एखाद्या प्रवचनासाठी राखून ठेवावी.

समारोपाचा संदेश (चार मिनिटे)

टिपणात शेवटी पाच संकल्प होते. मी एकच ठेवला आहे, आणि तो आपल्याच शब्दांत असा म्हणता येईल : “मंडळी, मारबत गावातली पिडा घेऊन गेली. आता घरी जाताना ज्या एका माणसाचे नाव काढले की आपली भुवई चढते, त्याचे नाव मनात घ्या, आणि त्याच्यासाठी पसायदानाची ही एक ओवी म्हणा. तो सुधारो म्हणून नव्हे. आपल्या दोघांमधली व्यंकटी सांडो म्हणून.”

यानंतर क्षणभर शांत राहून लगेच सामूहिक पसायदान सुरू करावे. मध्ये आभार, सूचना किंवा वर्गणीचे निवेदन येणार नाही, असे मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधीच सांगून ठेवले आहे. ओव्यांचा कागद मोठ्या अक्षरांत छापून सोबत जोडला आहे, म्हणजे चष्मा शोधावा लागणार नाही.