वॉर्डमधील कर्मचाऱ्यांतील संघर्षाचे व्यवस्थापन आणि संवादाच्या व्यावहारिक पद्धती

प्रस्तावना

हा स्वाध्याय चौथ्या वर्षाच्या वॉर्ड व्यवस्थापन पोस्टिंगमध्ये पुरुष मेडिसिन वॉर्डात पाहिलेल्या एका प्रसंगावर आधारलेला आहे. या वॉर्डात 30 खाटा मंजूर आहेत आणि त्या आठवड्यात 42 रुग्ण दाखल होते, त्यामुळे काही रुग्ण खाली गादीवर होते. रात्रपाळीला दोन अधिपरिचारिका आणि एक कक्षसेवक असत. अशा वॉर्डात भांडण झाले की “त्या दोघींचे पटतच नाही” असे म्हणून विषय मिटवला जातो. मला मात्र निरीक्षणातून असे दिसले की बहुतेक वेळा भांडणाच्या मुळाशी स्वभाव नसतो, तर दोन पाळ्यांच्या किंवा दोन पदांच्या मध्ये पडून राहिलेले एखादे काम असते. ते काम आधी शोधून काढणे हीच संघर्ष व्यवस्थापनाची खरी सुरुवात आहे, असे माझे मत आहे.

प्रसंग

रात्री 8 वाजता सुरू होणाऱ्या पाळीच्या सिस्टर बस न मिळाल्यामुळे 8 वाजून 25 मिनिटांनी आल्या. संध्याकाळच्या सिस्टरांना घरी लहान मूल असल्याने त्यांनी रिपोर्ट बुक टेबलावर उघडे ठेवले, उभ्या उभ्या चार वाक्ये सांगितली आणि त्या निघाल्या. जिन्यापर्यंत पोहोचतात तोच रात्रीच्या सिस्टरांनी त्यांना हाक मारून परत बोलावले. 14 नंबरच्या रुग्णाला 500 मिलि सलाइन चालू होते, केसपेपरवर त्यात पोटॅशियम क्लोराइडचा एक अँप्युल घालण्याची ऑर्डर होती, पण औषध चार्टवर सही नव्हती आणि बाटलीवर लेबलही नव्हते. “तुमचे नेहमीचेच आहे, अर्धवट कामे आमच्या गळ्यात मारायची,” असे त्या रुग्णाच्या मुलासमोर मोठ्याने म्हणाल्या. त्यावर “वेळेवर आला असता तर नीट सांगितले असते,” असे उत्तर आले. मुलाने घाबरून बाटलीकडे पाहिले आणि विचारले, “सिस्टर, बाबांना चुकीचे औषध दिलेय का?”

अँप्युल बाटलीत घातलेला होता, फक्त सही राहिली होती. तो घातलेला नाही असे समजून रात्रीच्या सिस्टरांनी आणखी एक घातला असता, तर ज्या औषधाचा वेग आणि मात्रा चुकल्यास हृदयाचे ठोके बिघडतात, त्याची मात्रा दुप्पट झाली असती. म्हणून त्यांचा राग अस्थानी नव्हता. चुकली ती जागा आणि चुकले ते शब्द.

प्रसंगाचे विश्लेषण

लुई पाँडी यांनी 1967 मध्ये संघर्षाकडे एकामागून एक येणाऱ्या टप्प्यांची साखळी म्हणून पाहिले: सुप्त संघर्ष, त्याची जाणीव, त्याचा मनाला झालेला त्रास, उघड भांडण आणि नंतर उरणारे परिणाम. वरील प्रसंगात सुप्त टप्पा कित्येक महिने चालू होता, कारण ड्युटी लिस्टमध्ये संध्याकाळची पाळी 8 ला संपत होती आणि रात्रीची 8 लाच सुरू होत होती. हँडओव्हरसाठी कागदावर एक मिनिटही नव्हते, म्हणजे ते नेहमी कोणाच्या तरी घरच्या वेळेतून होत असे.

केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी 1974 मध्ये संघर्ष हाताळण्याच्या पाच रीती मांडल्या: स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळणे आणि नमते घेणे. आपल्या वॉर्डांत सर्वांत जास्त वापरली जाते ती टाळण्याची रीत, आणि तिला आपण कौतुकाने “सांभाळून घेणे” म्हणतो. ऑफ कोणाला कधी मिळाला यासारख्या किरकोळ कुरबुरीत एखादा दिवस गप्प राहणे शहाणपणाचे ठरते. परंतु औषध, रक्त, ऑक्सिजन यांचा प्रश्न असताना गप्प राहणे म्हणजे तो धोका रुग्णाच्या पदरात टाकणे आहे. कार्डिअॅक अरेस्टच्या वेळी एकाने ठामपणे आदेश देणे, म्हणजे स्पर्धेची रीत, योग्यच असते. त्या वेळी दुखावलेल्या व्यक्तीशी नंतर बोलायचे एवढे मात्र विसरू नये.

संवादाच्या पद्धती

परिसेविकांनी त्या रात्रीची तक्रार वाचल्यावर दोघींना एकदम बोलावले नाही. आधी प्रत्येकीचे म्हणणे ड्रेसिंग रूममध्ये दार लावून स्वतंत्रपणे ऐकले आणि दोघींनाही एकच प्रश्न विचारला: “त्या वेळी तुम्हाला काय मिळायला हवे होते?” एकीला वेळेवर सुटका हवी होती, दुसरीला खात्रीची माहिती. दोन्ही मागण्या रास्त होत्या. तिसऱ्या दिवशी दोघींना समोरासमोर बसवताना त्यांनी बोलण्याचा क्रम ठरवून दिला: काय घडले, त्याने मला काय वाटले, पुढे काय हवे आणि त्याने काय साधेल. रात्रीच्या सिस्टर त्या क्रमाने असे बोलल्या: “परवा पोटॅशियमच्या बाटलीला लेबल नव्हते आणि चार्टवर सही नव्हती. मला फार भीती वाटली. यापुढे अँप्युल घालताच लेबल लावाल का, म्हणजे मला तुम्हाला जिन्यावरून परत बोलवावे लागणार नाही.” या बोलण्यात “नेहमीच” आणि “तुम्ही लोक” हे शब्द नव्हते. माझ्या मते ते गाळल्यामुळेच समोरच्या सिस्टरांना “हो, सही राहिली, माझी चूक झाली” असे म्हणता आले.

हँडओव्हरसाठी अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून आरोग्यसेवेत आलेली एसबार ही चौकट स्वीकारण्यात आली. तिच्यात सद्यस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि शिफारस या क्रमाने बोलायचे असते. गंभीर रुग्णांचा हँडओव्हर खाटेजवळ, चार्ट हातात घेऊन होऊ लागला आणि चालू सलाइनच्या बाटलीचे लेबल दोघींनी पाहायचे असे ठरले.

निवासी डॉक्टरांशी मतभेद झाल्यास धाकट्या परिचारिकेला ठामपणे बोलणे अवघड जाते. तिच्यासाठी चढत्या क्रमाची तीन वाक्ये आधीच पाठ असलेली बरी: “सर, मला या मात्रेची काळजी वाटते.” “सर, हे देणे मला योग्य वाटत नाही.” “सर, हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, कृपया वरिष्ठांना विचारू या.”

चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांशी होणाऱ्या वादांकडे अभ्यासक्रमात फारसे पाहिले जात नाही, याचे मला वाईट वाटते. सफाईचे काम करणाऱ्या मावशींना एकाच वेळी तीन सिस्टर तीन कामे सांगतात आणि एक राहिले की “मावशी ऐकत नाहीत” अशी नोंद होते. त्यांच्याशी बोलताना काम, खाट आणि वेळ एकाच वाक्यात सांगावी: “मावशी, 9 नंबरच्या आजोबांचे बेडपॅन आधी द्या, फरशी राउंडनंतर पुसली तरी चालेल.” कोणते काम आधी हे सांगण्याची जबाबदारी काम सांगणाऱ्याची आहे.

वॉर्डस्तरावर न मिटवण्याजोगे वाद

प्रत्येक वाद चहा पाजून मिटवायचा नसतो. जातिवाचक शिवीगाळ, मारहाण किंवा वारंवार होणारी मुद्दाम अडवणूक यांची लेखी नोंद करून ती अधिसेविकांकडे पाठवावी. लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडेच जायला हवी. त्यासाठी घटनेपासून साधारणपणे तीन महिन्यांची मुदत असते, म्हणून “आधी आपसात बोलून पाहा” असा सल्ला देणे हा तक्रारदारावर अन्याय ठरतो.

पाठपुरावा

परिसेविकांनी अधिसेविकांच्या मंजुरीने रात्रीच्या पाळीची हजेरी 7 वाजून 45 मिनिटांची केली आणि ती 15 मिनिटे महिनाअखेरीस ऑफमध्ये धरण्याचे मान्य केले. पोस्टिंगच्या शेवटच्या आठवड्यात मी पाच संध्याकाळी हँडओव्हरला उभी राहिले. चार दिवस तो खाटेजवळ झाला. पाचव्या दिवशी एकाच वेळी दोन नवे रुग्ण दाखल झाल्याने तो पुन्हा टेबलाशीच उरकला गेला, तरी त्याही दिवशी पोटॅशियमच्या बाटलीवर लेबल होते आणि त्याखाली वेळ व सही होती.